डिपॉझिटचं व्याज

माझ्या दुकानाच्या कर्जापायी वसईतला आमचा फ्लॅट विकावा लागला. मग बायको आणि मी भाड्याच्या घरांचे स्क्रीनशॉट घेऊन बसलो. भाड्यात मेंटेनन्स मिळवून मी कार्पेट एरियाने भागलं. माणिकपूरचं घर महिन्याला पंधरा हजार, पाचशे फूट, म्हणजे फुटाला तीस रुपये. पापडीचं तेरा हजार पन्नास, साडेचारशे फूट, म्हणजे एकोणतीस.

"पापडी स्वस्त," मी म्हणालो.

"डिपॉझिट?"

"ते परत मिळतं."

"अहो, व्याज नाही मिळत."

पापडीचं डिपॉझिट दोन लाख होतं, माणिकपूरचं पन्नास हजार. कुठलंही घर घेतलं तरी ते तिच्याच एफडीतून जाणार होतं. तिने सहा टक्क्यांनी महिन्याचं व्याज धरलं: इकडे हजार, तिकडे अडीचशे. ते भाड्यात मिळवून भागल्यावर पापडी सव्वाएकतीसच्या आसपास गेली, माणिकपूर साडेतीसवर राहिलं.

"माझे पैसे फुकटचे धरलेत होय?" ती हसत म्हणाली.

मला काहीच वाटलं नाही, लाजसुद्धा. विकलेल्या फ्लॅटमध्येही तिचे पैसे होते आणि तेही मी असेच धरले होते. तिने माणिकपूरचा स्क्रीनशॉट एजंटला पाठवला. उरलेली एफडी तिच्या एकटीच्या नावावर राहू दे, एवढंच मी म्हणालो.

"ती राहणारच आहे," ती म्हणाली.