काकूंचं गाव आणि नवी सिस्टिम

टर्नर काकांनी चाळीस वर्षं लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर काढली. या चाळीस वर्षांत त्यांनी एकही जॉब, म्हणजे कातायचा नग, आधी भंगाराच्या तुकड्यावर चालवून बघितल्याशिवाय कापला नाही. नवीन पोरं हसायची. हसोत बापडी! महागाच्या धातूवर टूल चुकलं की माणूस कसा पांढराफटक पडतो, हे त्यांनी कुठे बघितलं होतं? निवृत्त झाल्यावरही काकांची खोड गेली नाही. नव्या चपलासुद्धा ते आधी चार दिवस घरात घालून बघायचे.

काकू पोस्टात होत्या, पत्रं वेगळी करायच्या कामावर. तीस वर्षं पत्ते वाचून वाचून त्यांना शहरातली गल्लीन् गल्ली पाठ झाली होती. त्या घरी बसल्या तेव्हा मुलीने एक कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात गाव वसवायचा एक गेम घालून दिला. झालं! काकूंना नवं पोस्टच मिळालं म्हणा ना. रोज सकाळी अकरा ते एक, सलग अकरा वर्षं, त्यांनी त्या गावात रस्ते टाकले, पाण्याच्या टाक्या बांधल्या आणि प्रत्येक गल्लीला स्वतः नाव दिलं. काका शेजारच्या खुर्चीत बटाटे सोलत बसायचे आणि नको तिथे तोंड घालायचे.

"अगं, शाळा कारखान्याला चिकटून? पोरं खोकतील की!"

"तुम्ही सोला हो गुपचूप."

दोन वर्षांपूर्वी काकूंना विसर पडायला लागला. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग गॅस बंद करायचं भान गेलं. एकदा तर फोनवर बोलता बोलता त्यांनी पोटच्या मुलीला विचारलं, "आपण कोण?" त्या दिवशी मुलगी तिकडे रडली आणि काका इकडे. पण अकरा वाजता गेमपुढे बसल्या की काकू पहिल्यासारख्या व्हायच्या. "तांबटगल्लीला पाणी कमी पडतंय," म्हणायच्या आणि लगेच नळ टाकायच्या. डॉक्टर म्हणाले होते, जे शाबूत आहे ते रोज वापरात राहू द्या. तेव्हापासून काका त्या दोन तासांची राखण करत होते.

अशात पडद्यावर सूचना यायला लागली, की कॉम्प्युटर चालवणारी मोठी नवी सिस्टिम आली आहे, टाकून घ्या. मुलीचा फोन आला.

"बाबा, जुनीला तीन महिन्यांनी सुरक्षेच्या सुधारणा मिळायच्या बंद होणार. बँकेची साइट आत्ताच कुरकुर करतेय. करून टाका ना."

"गेमवाल्यांनी लिहिलंय, नव्या सिस्टिमवर अजून तपासलेला नाही, सध्या थांबा म्हणून."

"बहुतेक चालेल हो. बहुतेक गेम चालतात."

"'बहुतेक'वर मी जन्मात काम केलं नाही."

"नाहीच चाललं तर दहा दिवसांच्या आत जुन्या सिस्टिमवर परत येता येतं."

"आणि येताना गावच राहिलं नाही तर?"

मुलीने विषय तिथेच सोडला. बँकेची अडचण खोटी नव्हती, आणि आईचं गाव गेलं तर ते परत कुठून आणायचं, हेही तिला माहीत नव्हतं.

काका कॉम्प्युटर उचलून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथली बाई कामाची पक्की, बोलायला तिखट. काकांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "हे आधी भंगारावर चालवून बघता येईल का?"

ती हसली, मग तिच्या ध्यानात आलं. "येईल की. तुमच्या डिस्कची दुसरीवर हुबेहूब कॉपी काढायची. मूळ डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि कॉपीवर नवी सिस्टिम चढवायची. बिघडलं तर कॉपी बिघडेल."

"अगदी! हेच म्हणतोय मी."

"पण या मापाची डिस्क मागवावी लागेल. आठवडा धरा. तोवर मशीन घरी न्या हवं तर, डिस्क आली की फोन करते."

इथे काकांची कारागिरी आडवी आली. लेथवर एकदा चकात, म्हणजे पकडीत, धरलेला जॉब काम संपेपर्यंत काढायचा नसतो. काढून परत धरला की केंद्र केसभर तरी हलतं.

"नको," काका म्हणाले. "धरलेला जॉब मी हलवत नाही. राहू दे इथेच."

ती म्हणाली, "बघा बुवा." काका 'बरंय' म्हणून घरी आले.

पहिले तीन दिवस काकू अकरा वाजता रिकाम्या टेबलापाशी बसल्या. "माझं गाव कुठे नेलंत?" असं विचारून त्यांनी काकांना भंडावून सोडलं. चौथ्या दिवशी त्या बसल्या, पण काही विचारलं नाही. सहाव्या दिवशी अकरा वाजले तरी त्या पलंगावरून उठल्या नाहीत. काकांच्या मनात पाल चुकचुकली. पण मशीन आलं की बसेल पुन्हा, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

नवव्या दिवशी सकाळी लवकर ते दुकानात हजर झाले. डिस्क आली होती, बाईने कॉपीही काढून ठेवली होती. कॉपीवर नवी सिस्टिम चढायला दीड तास लागला. मशीन तीनदा बंद होऊन चालू झालं. गेम उघडला, संगीत वाजलं, आणि काकूंचं गाव उघडता उघडता अर्ध्यावर सगळं धाडकन बंद पडलं. बाईने पुन्हा करून बघितलं. गेम जुन्या सिस्टिमवर असल्यासारखा चालवायची सोय असते, तीही वापरून बघितली. पुन्हा अर्ध्यावर बंद.

"काका, मानलं तुम्हाला," ती म्हणाली. "थेट केलं असतं तर हात चोळत बसलो असतो."

तिने मूळ डिस्क परत बसवली. गाव उघडलं, जसंच्या तसं. काकांची छाती फुगली. मशीन उराशी धरून ते घरी आले, तारा जोडल्या, आणि बरोबर अकराला काकूंना खुर्चीत बसवलं.

काकू बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "छान आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचं गाव?"

"अगं, तुझं. थट्टा करतेस का?"

"माझं? नाही हो. मी पोस्टात असते."

काकांनी त्यांचा हात माउसवर ठेवला. हात तिथेच पडून राहिला. काकांनी तांबटगल्ली दाखवली, टाकी दाखवली. काकू परक्याच्या घरी बसल्यासारख्या मान डोलवत होत्या. आठ दिवस! ती बाई तोंडाने म्हणाली होती, मशीन घरी न्या म्हणून. गाव त्यांनी जपलं होतं, आणि ते रोज वापरायची सवय मात्र स्वतःच्या हाताने मोडली होती.

संध्याकाळी काकांनी मुलीला फोन करून सगळं सांगितलं.

"बाबा, हे कधीतरी झालंच असतं," मुलगी म्हणाली.

"झालं असतं गं. पण मी आत्ता केलं."

मुलगी हळूच म्हणाली, "मग आता... ती नवी सिस्टिम टाकायला हरकत नाही ना?"

खरं तर रागवायला हवं होतं, पण काकांना राग आला नाही. पोरगी खरं तेच विचारत होती.

"नाही टाकायची," ते म्हणाले. "मी नेटची तार काढून ठेवलीय, सुरक्षेची भानगडच नको. बँकेचं तू तुझ्याकडून बघ. त्या गावातल्या सगळ्या गल्ल्या मला येतात. अकरा वर्षं शेजारी बसलोय मी."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काका काकूंच्या खुर्चीत बसले आणि काकूंना त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं. त्यांनी एक रस्ता टाकला, तो वाकडा गेला. पुसून दुसरा टाकला. काकू बघत होत्या.

"फार सुंदर वसवलंय तुम्ही," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वळवली नाही. "मी नाही गं," ते म्हणाले. "तू वसवलंस." आणि मग त्यांनी पहिल्या गल्लीपासून तिला तिचं गाव सांगायला सुरुवात केली.