दोन घरांत एक पंप

उरणजवळच्या आमच्या गावात दोन घरांत मिळून एक फवारणीचा पंप चालतो. आमचा पंप माझा, पण अर्धा हक्क शेजारच्या वहिनींचा. त्यांचा टोमॅटो आणि वालाचा मळा आमच्या कुंपणाला लागून आहे. भाजी त्या स्वतः बाजारात नेऊन विकतात, त्यावरच त्यांचं घर चालतं.

मी महापेच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि शेतीतला शहाणा झालो. कुणी विचारो न विचारो, सल्ला द्यायचाच. त्यामुळे वहिनींनी टोमॅटोचे आकसलेले शेंडे दाखवले तेव्हा मी बांधावरूनच निकाल दिला.

"बोकड्या आहे, पानं आकसणारा रोग. उपटून जाळा, नाहीतर माझी वांगीही जातील."

त्या मळ्याकडे वळल्या. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी पंप आणायला गेलो, तर त्या रोपं उपटत होत्या. पहिल्या दोन ओळी रिकाम्या झालेल्या. ढिगातलं एक रोप मी सहज उचललं. खालची जुनी पानं रुंद, ठणठणीत. वरची कोवळी पानं मात्र दोऱ्यासारखी अरुंद झालेली, देठ पिळवटलेले. बोकड्याची वाटीसारखी वळलेली पिवळट पानं कुठेच नव्हती, तो रोग पसरवणारी पांढरी माशीही नव्हती. शेजारच्या ओळीतल्या वालाचे शेंडेही तसेच वळलेले. एवढंच काय, मधल्या माठाच्या तणाचेसुद्धा. टोमॅटो, वाल आणि तण यांना एकच रोग एकदम कसा होईल?

"वहिनी, माव्याच्या किडीवर तुम्ही निंबोळी अर्क मारलात, तो कुठून सुरू केलात?"

"हितूनच, दादा. पयली टाकी या दोन ओळींना. मंग पुढं."

मी पुढे चालत गेलो. दुसऱ्या टाकीच्या ओळींत शेंडे जरासेच वाकडे, शेवटच्या ओळी हिरव्यागार. रोग असा टाकीच्या हिशेबाने पसरत नाही.

पंप त्यांना देण्याआधी मी त्यातून अंगणात तणनाशक मारलं होतं, रुंद पानांच्या तणांवरचं. मग पाण्याने एकदा खळखळवला आणि दिला. टाकीत, नळीत राहिलेलं औषध त्यांच्या पहिल्या टाकीत उतरलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"उपटू नका," मी म्हणालो. "हा रोग नाही. माझं तणनाशक आहे. पंप मी नीट धुतला नव्हता. पुढच्या ओळी वाचतील. या दोन ओळींचं नुकसान माझं."

त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या कुंपणापाशी गेल्या आणि उलटा टांगलेला पंप काढून माझ्या हातात दिला.

"काल तुमी रोग बोललात ना, म्हनून दोनदा साबनानं धुवून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या वांग्यांना नको लागायला."