टाचणीबाईंनी घेतलेले हप्ते

टाचणीबाईंच्या तोंडात कायम दोन-तीन टाचण्या असत, म्हणून त्यांना हे नाव पडले होते. टाचण्या न काढताच त्या बोलत, आणि बोलणेही टाचणीसारखेच टोचरे. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचे शिवणाचे मशीन होते. नवे कपडे त्या शिवत नसत. पॅन्टची लांबी कमी करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची, एवढेच काम. "माणसं फुगतात नि आटतात, त्यावर माझं पोट चालतं," असे त्या म्हणत.

त्यांचा नवरा मारकुटा होता. एके दिवशी त्याने त्यांना केसांना धरून मशीनच्या कडेवर आपटले, आणि त्यांनी हाताशी असलेली तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर टेकवली. तो पट्टी बांधून घ्यायला गेला तो परत आलाच नाही. भुवईवरची खूण दाखवत त्या हे सांगत, तेव्हा आवाजात ना आनंद असे ना दुःख. "इस्त्री गार व्हायच्या आत गेला. वीजबिल तरी वाचलं."

अशी बाई वसुलीला चांगली, हे कोपऱ्यावरच्या सराफाने बरोबर हेरले. त्याच्या दुकानाची मासिक योजना होती. अकरा महिने हप्ता भरायचा, बारावा हप्ता दुकान भरणार, आणि मग त्या सगळ्या रकमेचा दागिना घ्यायचा. रोख परत मिळत नसे. प्रत्येकीला एक छापील कार्ड, त्यावर दर महिन्याला दुकानाचा शिक्का. हप्ते गोळा करून काउंटरवर भरायचे काम सराफाने टाचणीबाईंना दिले आणि त्यावर थोडे कमिशन.

गल्लीतल्या साठेक बायका त्यांनी योजनेत ओढल्या. त्यात माझेही कार्ड होते. त्यांची एक पद्धत होती. कोणाचा हप्ता चुकला तर त्या स्वतःच्या पदरचा भरत, कार्डात खंड पडू देत नसत, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या दारात उभ्या राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा तिचा उद्धार करत. त्यामुळे हप्ते बुडत नसत. पण त्यामुळेच एक मोठी चूकही झाली. दुकान कसे चालले आहे याकडे कोणीच बघेना. आम्हाला दुकान म्हणजे टाचणीबाई. त्या आहेत तोवर सोने आहे.

अंडेवालीचे तर चार हप्ते त्यांनी भरले होते. अंडेवाली समोरच्या फुटपाथवर अंड्यांचे ट्रे लावून बसायची. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. मुलीच्या गळ्यात स्वतःच्या कमाईचे काहीतरी घालायचे एवढा एकच तिचा हट्ट होता. दोघींचे रोज वाजत असे.

"तुझी अंडी उबवून पिल्लं निघाली, तरी तुझा हप्ता निघत नाही," टाचणीबाई म्हणायच्या.

"तुला कमिशन मिळतं ना, मग ओरड. फुकट थोडीच ओरडतेस!"

मग एका वर्षी पूर्ण झालेल्या कार्डांवर दागिने मिळायला उशीर होऊ लागला. नवीन डिझाइन येते आहे, पुढच्या आठवड्यात या, असे दुकानात सांगत. पुढच्या आठवड्यात चहा मिळे आणि सल्लाही मिळे, की दागिना आत्ता कशाला घेता, तेच पैसे पुढच्या योजनेत फिरवा, या खेपेला दुकान एक नाही, दोन हप्ते भरणार आहे. बऱ्याच जणींनी फिरवले. दुप्पट मिळते म्हटल्यावर कोण नको म्हणतो. टाचणीबाईंचे कमिशनही सराफाने न मागता वाढवले. त्यांना ते जरा खटकले. पण घरात आलेले पैसे खटकून किती दिवस खटकणार?

दुकानाच्या मागच्या खोलीत एक म्हातारा कारागीर बसत असे. तो पॅन्टची शिवण उसवली म्हणून जिन्याखाली आला आणि बराच वेळ स्टुलावरून उठेना. शेवटी म्हणाला, "ताई, या महिन्याचे हप्ते गोळा करू नका."

टाचणीबाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. हे मी स्वतः पाहिले, कारण माझ्या उशीची खोळ मशीनखाली होती.

कारागिराने सांगितले की त्याच्या पुढ्यात गेले कित्येक महिने सोने आलेलेच नाही. त्याला पगारही नाही. काचेत मांडलेले हार सकाळी ठोक व्यापाऱ्याकडून डब्यात येतात आणि दुकान बंद करताना त्याच डब्यातून परत जातात. लोकांनी दुरुस्तीला दिलेल्या बांगड्यासुद्धा गहाण पडल्या आहेत.

टाचणीबाई तशाच उठल्या, गळ्यात टेप लोंबत होती ती तशीच, आणि दुकानात जाऊन त्यांनी काउंटरवर कात्री आपटली. काच तडकली. गिऱ्हाईक बसलेले असताना त्यांनी विचारले, की माझ्या बायकांचे सोने कुठे आहे. सराफ अजिबात चिडला नाही. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि सगळ्यात जास्त दिवस खोळंबलेल्या दोघींना लगेच बोलावून आणायला सांगितले. दोघींना तिथल्या तिथे तोलून साखळ्या दिल्या. मग म्हणाला, "मावशी, म्हाताऱ्याला मी कामावरून काढतोय, म्हणून तो पोटातलं ओकतोय. तुमच्यासारखी हुशार बाई कोणाच्याही नादी लागते?"

जिने नवऱ्याला चटका दिला ती बाई या दोन साखळ्यांना भुलली. ओरडल्यावर लगेच मिळाले, म्हणजे आहे, असा त्यांनी हिशेब केला. दोघींना देऊन अठ्ठावन्न जणींचे तोंड बंद करता येते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. त्या गोळा करत राहिल्या. पुढल्या महिन्यात कार्डे संपली, छापायला टाकली आहेत, असे सांगून दुकानाने साध्या कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. वर रक्कम आणि तारीख. शिक्का नाही, सही नाही. त्याच्या पुढल्या महिन्यातही चिठ्ठ्याच. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, मी आहे ना."

मग एका सकाळी शटर उघडलेच नाही.

दुपारपर्यंत दुकानासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. सराफाचा फोन बंद, घराला कुलूप. कोणीतरी पहिला दगड मारला. मग पाट्या, कुंड्या, हाताला लागेल ते. दुकानाच्या पहारेदाराला गर्दीने ओढून खाली पाडले. तो पगार थकलेला गरीब माणूस, पण त्याच्या छातीवर दुकानाचे नाव शिवलेले होते तेवढे पुरले. लोकांनी लाथांनी त्याची बरगडी मोडली. पहार लावून शटर वाकवले. आत हार मांडायच्या मखमलीच्या माना रांगेने उभ्या होत्या, सगळ्या उघड्या. बायकांनी त्या मानासुद्धा पिरगाळून तोडल्या. एकीने काच हाताने फोडली आणि रक्त वाहणारा हात रिकाम्या ट्रेमधून फिरवत राहिली.

फोडायला काही उरले नाही, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "टाचणी कुठाय?"

टाचणीबाई जिन्याखालीच होत्या. मी त्यांना वर माझ्याकडे चला म्हणून दोनदा सांगितले होते. त्या मशीनवर एका पॅन्टची घडी घालत बसल्या होत्या. लोंढा आत आला तो जिन्याचा कठडा मोडूनच. मशीन उचलून रस्त्यावर फेकले गेले. लोकांचेच कपडे फाडले गेले. टाचणीबाईंना केस धरून बाहेर काढले. त्या गप्प राहिल्या असे मुळीच नाही. त्यांनी एकाच्या हाताचा चावा घेतला, दुसऱ्याच्या मांडीत टाचणी खुपसली.

अंडेवालीच्या हातात शटर ओढायचा लोखंडी आकडा होता, दुकानातून उचललेला. "माझ्या पोरीचं सोनं," एवढेच ती म्हणाली, आणि तिने आकडा डोक्यावर उगारला. टाचणीबाईंनी उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्या पायरीवरून ऐकला. सुके लाकूड पायाखाली मोडते तसा. त्या आवाजानेच गर्दी थांबली. अंडेवालीचा हात पुन्हा वर गेला होता, तो खाली आला तो रिकामा.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घातले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सराफाच्या मेहुण्याला पकडल्याचे कळले. तो काउंटर सांभाळायचा. त्याने जबाब दिला, की योजना दोन महिन्यांपूर्वीच बंद झाली होती, साध्या चिठ्ठ्यांशी दुकानाचा संबंध नाही, ते त्या शिवणवालीने स्वतःच काहीतरी चालवले असेल.

टाचणीबाईंचा भाऊ घाईने आला. त्याचे म्हणणे सोपे होते. चिठ्ठीवर ना सही ना शिक्का. मला काही माहीत नाही, असे म्हण आणि माझ्याकडे राहायला चल. पैसे मी घेतले म्हणालीस तर मेहुण्याच्या जागी तू आत जाशील. आणि ज्यांनी तुझा हात मोडला त्यांच्यासाठी? बोलताना तो माझ्याकडेही रागाने बघत होता, माझेही कार्ड होते म्हणून. त्याचे काही चुकत नव्हते. पण त्या नाही म्हणाल्या असत्या तर आम्हा सगळ्यांचे दोन हप्ते हवेत गेले असते आणि मेहुण्याचे खोटे खरे ठरले असते.

टाचणीबाई भावाला म्हणाल्या, "तू जेवून जा." आणि माझा हात धरून ठाण्यात गेल्या.

ठाण्यात बायकांची रांग लागली होती. त्यांना बघताच शिव्या सुरू झाल्या. कोणीतरी चप्पल फेकली, ती मला लागली. साहेब टेबलामागून उठले आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे करून त्यांनी विचारले, की हे पैसे कोणी घेतले. नीट विचार करून उत्तर द्या, असेही म्हणाले. माणूस बरा होता.

"मी घेतले," टाचणीबाई म्हणाल्या. "प्रत्येकीकडून. आणि त्याच दिवशी त्या मेहुण्याच्या हातात काउंटरवर दिले. मागे बसणारा म्हातारा कारागीर बघत होता, त्याला अजून काढलं नव्हतं, त्याला विचारा. चिठ्ठ्या मेहुण्याच्या अक्षरात आहेत, त्याच्याकडून लिहून घेऊन बघा. कमिशनही मी घेतलं. लिहा."

"तुम्हालाही आरोपी करावं लागेल, बाई."

"करा की. हप्ते नीट लिहा पण. एकही सोडू नका."

साहेबांनी लिहून घेतले, मग प्लास्टरकडे बघून विचारले, हात कशाने मोडला. अंडेवाली रांगेत तिसरी होती. ती भिंतीकडे बघू लागली. मला वाटले, टाचणीबाई आता पडले-बिडले असे काहीतरी सांगतील.

त्यांनी डाव्या हाताने अंडेवालीकडे बोट केले. "हिने मोडला. शटरच्या आकड्याने. तेही लिहा."

सराफाचे दुकान आणि घर सील होणार होते. त्यातून कोणाला किती मिळेल याचा शब्द साहेबांनी दिला नाही, पण सगळ्या जणींच्या चिठ्ठ्या तक्रारीत लागल्या. अंडेवालीवर मारहाणीचा गुन्हा लागला. जामिनाचे कागद होईपर्यंत दोघींना एकाच बाकावर बसवले होते, कारण बायकांसाठी बाक एकच होता. मी दाराशी उभी होते.

मग अंडेवाली म्हणाली, "हात नको होता मोडायला. तुझं डोकंच फोडायला हवं होतं."

"फोडायचं होतंस," टाचणीबाई म्हणाल्या. "मग तुझे हप्ते कोणी सांगितले असते?"