पाच लॅपटॉप आणि एक परवाना

माझ्या धाकट्या दिराचं सिंदेवाहीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या रविवारी मी त्याला टेकडीवरून फोनवर जे बोलले, ते आठवलं की अजून कान तापतात.

मी जिवतीकडच्या एका उपकेंद्रात नर्स. क्वार्टरला नेटवर्क नाही, म्हणून लॅपटॉपवरचा माझा गेम ऑफलाइन मोडवर, म्हणजे नेटशिवाय, खेळायचा. शेवटचा टप्पा मी नागपूरला होस्टेलवर राहणाऱ्या लेकीसाठी राखून ठेवला होता. शनिवारी ती आली, पण मी रात्रभर बाळंतपणात अडकले. रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला, दहाला तिची गाडी. पडद्यावर आलं, परवाना तपासता आला नाही, इंटरनेट जोडा.

चूक माझीच. आठवड्यापूर्वी चंद्रपूरला सिस्टीम अपडेट केली आणि नेट असताना गेम एकदा उघडून बघितला नाही. अपडेटनंतर जुना परवाना चालत नाही.

दोघी रेंज येते त्या टेकडीवर गेलो, मोबाइलचं नेट जोडलं. नवा निरोप आला: चोवीस तासांतली पाच मशीनची मर्यादा संपली, उद्या प्रयत्न करा. माझं एकच मशीन! गेम माझ्या नावावर, फॅमिली शेअरिंगमध्ये, म्हणजे तो वापरू शकणाऱ्या घरच्यांच्या गटात, दुसरा फक्त दीर. त्यानं कुठंही उघडला तरी मोजणी माझ्याच परवान्यावर. डोक्यात तिडीक गेली.

"भाऊजी, गिऱ्हाइकांच्या लॅपटॉपवर माझा गेम लावून दाखवता का? लाज आहे का काही?"

तो म्हणाला, "वयनी, तुमी त ऑफलाइन राहता, मले वाटलं तुमाले फरक नाई पडत. चुकलं."

"फुकटे आहात तुम्ही! तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही मी," म्हणून मी फोन कापला आणि तिथंच त्याला गटातून काढलं. एक सूचना आली, ती न वाचताच 'होय' दाबलं. लेक ओरडली, "आई, थांब न!"

"काऊन थांबू?"

तिचा चेहरा उतरला होता. "ते पाच लॅपटॉप होस्टेलचे होते. माझा अन् चार मैत्रिणींचे. काल निघायच्या आधी त्याइले दाखवला. मी काकाच्याच अकाउंटवरून खेळतो. नव्या लॅपटॉपवर उघडला का त्याच्या मेलवर कोड येते, तो मले फोनवर सांगते."

मी सूचना परत उघडून वाचली. काढलेल्या माणसाची गटातली जागा वर्षभर बंद राहते, त्याला परत घेता येत नाही.

दिराला लगेच फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"वयनी, पोरीले नका बोलजा," तो म्हणाला. "दोन दिवसांसाठी आली बिचारी."