शेजारणीच्या कुरडया

माझ्या हातच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र होतात, ही अफवा आमच्या अकोल्याच्या गल्लीत कोणी पसरवली ते देव जाणे. दरवर्षी कोणाचा तरी गहू भिजतो आणि चीक शिजवायला पहाटे मी हजर. मानधन म्हणून कौतुक मिळतं. ते कितीही खाल्लं तरी पोट भरत नाही, हा त्याचा मोठा गुण.

यंदा अमरावतीच्या बहिणीकडे जायचं ठरवलं होतं. तिकडे जाणं कुरडयांपायी दोनदा हुकलं होतं, आणि आता ती फोनवर "येशील तवा ये" एवढंच बोलायची. नेमकी तेव्हाच शेजारीण आली. मुलीच्या रुखवतासाठी कुरडया हव्या होत्या.

"मावशी, गहू भिजू घातला. शनिवारी चीक शिजवाचा. तुमी आहात म्हनून मले टेन्शन नाही."

तिचं सारं टेन्शन तेवढ्यात माझ्या पोटात येऊन बसलं. हा गोळा माझ्या जुन्या ओळखीचा. मोर्शीला आमचे बाबा बाजारातून आले की चपलांच्या आवाजावरून मी ओळखायची, आज संत्र्याला भाव मिळाला की नाही. आवाज वाईट असला की कोणी सांगायच्या आत पाण्याचा गडू घेऊन उभी. बाबा शांत झाले की आई म्हणायची, पोर लई शहाणी. मी शहाणी नव्हती हो, भ्यालेली होती. बाबा जाऊन जमाना झाला, तरी कोणाचं तोंड पडलेलं दिसलं की माझा गडू भरलेलाच.

कारणं सांगून पाहिली नव्हती असं नाही. मागच्या वर्षी म्हटलं गुडघे दुखतात, तर ह्याच शेजारणीनं तेल आणून दिलं, वर बसायला उंच पाट. कारण दिलं की लोक ते दुरुस्त करून देतात आणि काम पुन्हा आपल्या दारात उभं.

म्हणून यंदा कारण दिलंच नाही.

"बाई, माह्याच्यानं नाही होनार."

"कावून?"

"नाही होनार."

ती चहाचा घोट घेत कारणाची वाट पाहत राहिली. ही रिकामी जागा भरायला जीभ इतकी शिवशिवली की मी पदराचं टोक चावलं. अर्धा चहा तसाच ठेवून ती गेली. मी मात्र दुपारपर्यंत दोनदा उंबऱ्यापर्यंत गेली, 'येतो बाई' म्हणायला, आणि दोन्ही वेळा परतली. संध्याकाळी पोटातला गोळा आपोआप विरला. तिनं बचत गटाच्या बाया बोलावल्या. माझ्याशी बोलणं मात्र बंद केलं, ते अजून पुरतं सुरू झालं नाही. जगून राहिली मी.

शनिवारी अमरावतीला पोचली. बहीण म्हणाली, "बरं झालं आली. पापडाचं पीठ मळून ठेवलं, लाटाले बस."

शेजारणीला नाही म्हणणं एक वेळ सोपं, बाप्पा.

"आज नाही लाटत. मी तुले भेटाले आली."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पिठावर ओलं फडकं टाकलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.