दहावं अडेल

चंद्रप्रकाश सर आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. आयुष्यभर पॉलिटेक्निकला गणित शिकवलं. काकू गेल्या आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही. मग इंजिनीअरिंगच्या मॅथ्समध्ये नापास होऊन केटी लागलेल्या आम्हा पाच जणांना ते दर रविवारी सोसायटीच्या ऑफिसात शिकवायला लागले. "तुम्ही आलात की रविवार जातो गं," असं मला स्वतः म्हणाले होते.

एकदा त्यांनी हाताने लिहिलेली शीट दिली. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सची दहा गणितं, आयगेन व्हॅल्यू, म्हणजे काही खास संख्या, आणि त्यांचे व्हेक्टर, म्हणजे दिशा, काढायच्या. पहिलं एकदम सोपं, कर्णावर दोन आणि पाच, बाकी शून्य, म्हणजे उत्तर समोरच. चौथ्यात जरा समीकरण मांडावं लागत होतं. नवव्याचं उत्तर तर काल्पनिक संख्येत.

"दहावं अडेल," सर खुशीत म्हणाले. "अडलं की रविवारी या, मिळून सोडवू."

आम्ही कसले शहाणे! प्रत्येकी दोन वाटून घेतली, फोटो ग्रुपवर टाकले, उतरवून काढली. दहावं माझ्या वाट्याला आलं. वरच्या ओळीत तीन, एक. खाली उणे एक, एक. व्हॅल्यू दोन, तीही दोनदा. व्हेक्टर आला (१, −१). दोन व्हॅल्यू म्हणजे दोन व्हेक्टर हवेतच ना, म्हणून मी दुसरा (२, −२) ठोकून दिला. अडलंच नाही, मग रविवारी जातंय कोण?

मी फक्त पाच वह्या द्यायला गेले. पाच खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर चहाचा थर्मास. सरांनी पाचही वह्या उघडल्या. पाचहीत तीच चूक. ओरडले असते तर परवडलं असतं.

"दुसरा कुठेय यात? पहिल्याचीच दुप्पट केलीयस. दिशा तीच. इथे दुसरा नाहीच गं, कितीही शोध." मग दाराकडे बघून म्हणाले, "बाकीचे?"

"कामं आहेत, सर." मेले, इतकी लाज वाटली मला.

परीक्षा झाली, सगळे सुटलो. आमच्यातल्या दिपेशने ग्रुपवर 'झकास' टाकलं आणि त्यानंतर ग्रुप गप्पच.

परवा रविवारी दूध घेऊन येत होते. ऑफिसचं दार उघडं. सर एकटे, समोर पाच खुर्च्या. वर घरी धावले, वही घेऊन परत आले.

"सर, दहावं अडलं."

त्यांनी वही बघितली. एकच व्हेक्टर, नीट सोडवलेला.

"बरोबर आहे की हे."

"हो, सर."

त्यांनी चष्मा पुसला आणि जवळची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस," म्हणाले. "पहिल्यापासून करू."