ब्रेकवाल्या वहिनीची पाळी

मला घरात भोंगा म्हणतात, हे आधीच सांगून टाकते. आवाजामुळे म्हणतात आणि पोटात काही राहत नाही म्हणूनही. त्यामुळे वहिनीची ही गोष्ट इतके दिवस मी गप्प कशी बसले, याचंच आमच्या दादाला आजही नवल वाटतं. आता वहिनीनेच सांगितलंय, "सांग बाई एकदा, नाहीतर फुटशील." म्हणून सांगते.

आमची गाडी शिकवायची शाळा आहे. खाली ऑफिस, वर घर. दादा ट्रक-बस शिकवतो, मी टेबलावर बसून फोन घेते आणि लोकांवर ओरडते. आणि लहान गाड्या सगळ्या वहिनीच्या. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना, त्यावर तिचा पाय कायम टेकलेला. शिकाऊ माणूस समोरच्या भिंतीकडे निघाला तरी बाई शांत. भिंत हातभर अंतरावर आली की हळूच पाय दाबणार आणि म्हणणार, "भिंत काही बाजूला व्हायची नाही, भाऊ. आपणच होऊ." म्हणून सगळा रस्ता तिला ब्रेकवाली म्हणतो. लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलही येत नव्हती! दादाने शिकवायला सुरुवात केली, आणि वर्षभरात ती दादाच्याच रिव्हर्सला नावं ठेवायला लागली.

अशी ही बाई. रस्त्यावर वाघीण, पण महिन्यातून एकदा घरात शेळी व्हायची. कारण आमची आई. आई वाईट नाही हो, पण नातवंडासाठी जीव नुसता टांगणीला लागलेला. दर महिन्याला विचारणार, "आली का गं?" वहिनीने मान हलवली, की आई "बरं" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. तो आवाज खाली ऑफिसात यायचा. पाच वर्षं आमच्या घरात पाळी आली की भांडी वाजायची. मला इतका संताप यायचा, आणि आईला काही बोलले की वहिनीच मला गप्प करायची.

मग एक काळ असा आला, की पाळी लांबायला लागली. आधी आठवडा, मग पंधरा दिवस, आणि मग यायचीच बंद झाली. आईला काय आनंद! ती पायऱ्या पुसून ठेवायला लागली, सून घसरू नये म्हणून. मीही आत्या व्हायच्या गुर्मीत चार जणांवर जास्तच ओरडले. पण घरी तपासायची पट्टी आणली, तर तिच्यावर एकच रेघ. आठवड्याने दुसरी आणली, तरी एकच. आईने पायऱ्या पुसणं सोडलं. भांडीही आपटली नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं.

एका दुपारी वहिनीने मला गाडीत बोलावलं. काचा वर केल्या. "भोंग्या, ओरडणार नाहीस ना?"

"मी कधी ओरडते?" मी ओरडले.

तिने गळ्यातली ओढणी बाजूला केली. कुर्त्यावर दोन ओले डाग होते. "दूध येतंय," ती म्हणाली. "पोर नाही, पोटात काही नाही, आणि दूध येतंय. मला वेड लागलंय का गं?" आणि ही भिंतीसमोर न डगमगणारी बाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. हॉर्न दाबला गेला तरी तिला भान नव्हतं. मी मात्र तेव्हा खरंच गप्प बसले. फक्त गाडीतून तिला उतरू दिलं नाही, शेजारच्या सीटवर सरकवलं, चावी मागितली आणि थेट बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोकं दुखतं का, दिसायला काही कमी येतं का, कडेचं दिसतं का, हेही विचारलं. "कडेचं?" वहिनी म्हणाली, "तेवढंच तर पोटापाण्याचं आहे माझ्या." मग त्यांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत का?" वहिनी म्हणाली, "छे! मी आणि औषध?" आणि मीही जोरात मान हलवली, कारण आमच्या वहिनीला तापातसुद्धा गोळी घ्यायला हात जोडावे लागतात.

रक्त तपासलं, तर प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन भलतंच वाढलेलं. सुईच्या भीतीनेही ते थोडंफार वाढतं म्हणून सकाळी शांत बसवून पुन्हा तपासलं. तरी तेवढंच. बाई म्हणाल्या, "मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते, तिथून हे निघतं. बाळंतिणीला दूध यावं, हे त्याचं मुख्य काम. ते वाढलं की मेंदू अंडाशयाला जे निरोप पाठवतो, ते दबतात. निरोप नाही, म्हणून बीज पिकत नाही, सुटत नाही. बीज सुटलं नाही की पाळीचं चक्र बंद पडतं."

"म्हणजे मी वांझ नाही?" वहिनीने इतक्या हळू विचारलं, की मला आधी कळलंच नाही.

"हा शब्द बाहेर टाकून या," बाई म्हणाल्या. "अंडाशय धडधाकट आहे तुमचं, नुसतं झोपवलंय. कोणी झोपवलं, ते शोधायचंय."

थायरॉइड मंदावलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून ते पाहिलं. ठीक. मूत्रपिंड ठीक. पुन्हा गरोदरपण तपासलं, नाही. मग उरलं एक. त्या ग्रंथीतच कधी छोटी गाठ होते. बाईंनी दहा वेळा सांगितलं, की ती बहुतेक कर्करोगाची नसते आणि पुष्कळदा नुसत्या गोळ्यांनी आक्रसते. पण "डोक्यात गाठ" एवढंच आमच्या घराने ऐकलं. दादा दोन दिवस जेवला नाही. आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मला नातू नको, काही नको. माझी पोर धड राहू दे." पाच वर्षांत पहिल्यांदा तिने वहिनीला पोर म्हटलं. आणि ते वहिनीला सांगायची तिच्यात हिंमत नव्हती!

डोक्याच्या स्कॅनचा दिवस उजाडला. मोठ्या मशीनची खोली, बाहेर बाकं, आणि दारावर एक कडक बाई. "अंगावर धातूचं काही नको. पिना, साखळी, किल्ल्या, सगळं या ट्रेमध्ये." वहिनी आपल्या जाकिटाचे खिसे रिकामे करायला लागली. तीन गाड्यांच्या किल्ल्या, शिट्टी, सुटी नाणी, केसांच्या पिना. आणि चकचकीत पत्र्याच्या पाकिटातल्या गोळ्या, अर्ध्या संपलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"ते काही नाही. पित्ताच्या."

"कधीपासून?"

"अगं, दीड-दोन वर्षं झाली. त्या लठ्ठ शिकाऊ काकांनी सिग्नलला गाडी बंद पाडली होती ना, तेव्हापासून पोटात ढवळायचं. एकदा डॉक्टरने आठवडाभर दिल्या. बरं वाटलं, मग दुकानातून आणत राहिले. जेवणाआधी एक टाकली की दिवस बरा जातो."

"वहिनी, डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, औषध घेता का म्हणून!"

"अगं, पण हे औषध कुठंय? हे पोटाचं आहे!"

मला त्या बारीक अक्षरांतलं ओ की ठो कळलं नाही. पण बाईंनी विचारलेल्या प्रश्नाला आम्ही दोघींनी खोटं उत्तर दिलं होतं, एवढं कळलं. मी ते पाकीट उचललं आणि सुटले. कडक बाई मागून ओरडली, "अहो, नंबर जाईल तुमचा!" मी म्हटलं, "जाऊ दे!" दोन मजले चढून धापा टाकत डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसले. आत एक पेशंट होती. तिची माफी मागितली आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि कपाळावर हात मारला. "स्कॅन थांबवा!" फोनवर त्याच ओरडल्या. त्या दिवशी माझ्यापेक्षा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

वहिनी आली, तेव्हा बाईंनी तिला तिच्याच भाषेत समजावलं. "तुमच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना? मेंदूतून डोपामिन नावाचं एक रसायन येतं, तो या प्रोलॅक्टिनवरचा ब्रेक. सारखा दाबलेला असतो, म्हणून ते हद्दीत राहतं. तुमच्या गोळीत पित्ताच्या औषधाबरोबर उलटी थांबवणारंही एक औषध आहे. ते तिथला ब्रेक धरूच देत नाही. मग प्रोलॅक्टिन सुसाट."

वहिनी पाकिटाकडे बघतच राहिली. "म्हणजे दोन वर्षं मीच माझ्या ब्रेकवरून पाय काढत होते?"

"हो. पण गोळी बंद केली, की पाय परत बसतो. तुमचं हे औषध आज बंद, पित्तासाठी मी दुसरं देते. काही दिवसांनी रक्त पुन्हा तपासू. प्रोलॅक्टिन खाली आलं, तर डोक्याचं मशीन हवंच कशाला?" मग माझ्याकडे वळून बोट रोखलं. "आणि तुम्ही गल्लीभर सांगत सुटाल, म्हणून बजावते. डोकं शांत राहण्याच्या काही गोळ्यांनीही हे वाढतं, पण त्या कुणी मनाने बंद करायच्या नाहीत. आधी डॉक्टरला विचारायचं."

ते थोडे दिवस कसे गेले, आमचं आम्हालाच ठाऊक. रिपोर्ट आला त्या दिवशी मी तो आकडा तीनदा वाचला. एकदम हद्दीत! दादा ट्रकच्या टपावर चढला होता, तिथून उतरायचंच विसरला. डाग यायचे थांबले. पण बाई म्हणाल्या होत्या, "खरी साक्ष पाळीच देईल." म्हणून आम्ही वाट बघायला लागलो. जिच्या येण्याने पाच वर्षं भांडी आपटली, तिच्याच वाटेवर सगळ्या घराने डोळे लावले. आई विचारायची नाही. नुसती वहिनीच्या तोंडाकडे बघायची.

आणि एके सकाळी ऑफिसात फोन वाजला. मागे गाड्यांचा गोंगाट. "भोंग्या! गाडी कडेला घेतलीय, शिकाऊ बाई शेजारी बसलीय. ऐक. आली!"

"आली?" मी उभी राहिले. "आली! अगं आली!" समोर लायसन्सचा अर्ज भरणारे दोन बाप्ये बघतच राहिले. दादाचं डोकं ट्रकच्या दारावर आपटलं. जिन्यावरून आई धावत आली, ओल्या हातांनी. "काय आली? कोण आलं?"

"वहिनीची पाळी आली, आई!"

आई बाकावर बसली. हसली, मग रडली, मग त्या दोन बाप्यांनाच म्हणाली, "माझ्या सुनेची पाळी आली हो." बिचाऱ्यांनी माना खाली घालून अर्जात डोकं खुपसलं. मी फोन आईच्या हातात दिला.

पलीकडे वहिनी कानोसा घेत होती. इतक्या वर्षांची सवय. मग हळूच म्हणाली, "आई, भांडी?"

"भांडी गेली खड्ड्यात," आई म्हणाली. "पोरी, तू घरी ये."